जास्त आलेले पैसे

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारातल्या एका फसवणुकीचा मी गेले काही महिने मागोवा घेतो आहे. गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवते आणि वरचे परत मागते. बहुतेक फसवणुकींत माणसाची हाव ठगाच्या कामी येते. इथे त्याचा प्रामाणिकपणा येतो.

या युक्तीचे जुने रूप अमेरिकेतले, चेकचे. तिथल्या 1987च्या कायद्याने खात्यात भरलेल्या चेकची रक्कम थोड्याच दिवसांत खातेदाराला वापरू देणे बँकांना भाग पडले. चेक बनावट असल्याचे कळायला मात्र कधी कधी काही आठवडे लागतात. मधल्या काळात शिल्लक दिसते, विक्रेता वरचे पैसे परत करतो, आणि चेक खोटा ठरला की बँक सगळी रक्कम त्याच्याकडून वसूल करते.

आपल्याकडे यूपीआयने ही फट बुजवली. पैसे क्षणात खात्यात पडतात. तेव्हा ठगाला खोटी करता येते ती फक्त पैसे आल्याची बातमी.

माझ्या माहितीतल्या एका बाईंनी सागवानी कपाट 4,500 रुपयांना विकायला काढले. गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही, कपाट पाहायलाही तो आला नाही. (मला तर पहिली खूण हीच वाटते.) खाते बरोबर आहे ना बघतो, म्हणून त्याने आधी 10 रुपये पाठवले. ते खरेच आले. मग 45,000 जमा झाल्याचा एसएमएस आणि पाठोपाठ फोन : ‘‘ताई, एक शून्य जास्त पडलं हो. आई दवाखान्यात आहे, वरचे 40,500 या दुसऱ्या नंबरवर टाका.’’ बाईंनी 20,000 पाठवले. उरलेले पाठवण्याआधी त्यांनी शिल्लक पाहिली. जमेला तेवढे 10 रुपयेच होते.

तो एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात. शिवाय त्यात खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे नव्हते, कारण ठगाला फोन नंबर ठाऊक होता, खाते क्रमांक नाही. पण समोरचा फोनवर रडत असताना हे कोण न्याहाळणार? स्वतः अ‍ॅप उघडून शिल्लक पाहणे त्याहून सोपे.

एका प्रकारात मात्र शिल्लक पाहूनही भागत नाही. कधी जास्तीचे पैसे खरेच येतात, पण दुसऱ्या कुणा फसलेल्याच्या खात्यातून. तो 1930वर तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्यापर्यंत येतो आणि तेवढी रक्कम तुमच्या खात्यात गोठवली जाते. तुम्ही ‘परत’ केलेली रक्कम तर तिसऱ्याच खात्यात गेलेली असते. अशा वेळी पैशांना हात न लावता आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि जिथून आले तिथेच ते बँकेमार्फत जाऊ द्यावेत. खरोखर चुकलेला माणूसही आपल्या बँकेकडे तक्रार करू शकतो. दुसरा नंबर देऊन घाई करणाऱ्याला तो रस्ता नको असतो.