‘फेस’, ‘गोट’ आणि ऐकणाऱ्याचे कान

आता बघा, लंडनचा माणूस ‘फेस’ म्हणताना ‘ए’पासून निघून ‘इ’कडे सरकतो, ‘गोट’मध्ये शेवटी ओठ ‘उ’कडे मिटत जातात. मराठीतले ‘ए’ आणि ‘ओ’ जागचे हलत नाहीत. आपला ‘ऐ’ सरकतो खरा, पण तो ‘अ’पासून निघतो, म्हणून ‘फेस’साठी कान जवळचा ‘ए’च धरतो. ‘गोट’ला स्पेलिंगमधल्या ‘ओ’चीही साथ मिळते.

गंमत अशी, की पुष्कळ स्कॉटिश माणसंही असेच स्थिर स्वर बोलतात. त्यांना आपण ढंगदार म्हणतो आणि आपल्या पोराला ‘व्हर्नी’! दोष स्वरात नाही, ऐकणाऱ्याच्या मनात आहे.

खरी अडचण वेगळी. लिहायचं ‘पेन’ आणि दुखण्याचं ‘पेन’ आपण एकसारखंच बोलतो. पहिल्यातला स्वर आखूड, तोंड जरा जास्त उघडून म्हणा, दुसऱ्यातला लांबवा. तेवढ्यानं डॉक्टरला कळतं.