बाराच्या ठोक्याला टेबलावर कोण?

एका वाचनालयाच्या देवघेव टेबलावर दिवसभरात सहा जणांच्या पाळ्या आहेत: ८ ते ११, १६ ते १८, १२ ते १३:३०, ८:३० ते १०, १७ ते १९ आणि १०:३० ते १२. टेबलावर कुणी ना कुणी नेमकं कधी होतं? तासांची नुसती बेरीज साडेअकरा येते. पण दोघं एकाच वेळी बसले होते, तो वेळ त्यात दोनदा धरला गेलाय.

यासाठी संगणक आधी पाळ्या सुरू होण्याच्या वेळेनुसार लावून घेतो. मग पहिली पाळी हातात धरायची आणि पुढची पाळी हातातली संपण्याआधी सुरू होत असेल, तर ती तिच्यात मिसळायची. नसेल, तर हातातला तुकडा कायमचा बंद करायचा. तो बेधडक बंद करता येतो तो क्रमामुळेच, कारण यापुढची प्रत्येक पाळी आणखी उशिराच सुरू होणार असते.

मिसळताना दोन शेवटांपैकी उशिराचा ठेवायचा असतो आणि नवखे इथेच हमखास चुकतात. ८ ते ११ च्या पोटात ८:३० ते १० अख्खी मावते. तिथे आंधळेपणाने नवा शेवट, म्हणजे १०, उचलला, तर १० ते १०:३० टेबल रिकामं होतं असं उत्तर येतं. प्रत्यक्षात पहिला माणूस तिथेच बसलेला असतो.

आता १०:३० ते १२ मिसळली की हातात ८ ते १२ उरतं आणि पुढची पाळी बरोबर बाराला सुरू होते. मिसळायची का? सगळा निर्णय एका चिन्हात आहे:

```
if start <= end:
    end = max(end, new_end)
```

`<=` लिहिलं तर ८ ते १३:३० असा अखंड तुकडा मिळतो, `<` लिहिलं तर बाराला दोन तुकडे पडतात. एकूण वेळ दोन्हीकडे साडेआठ तासच. बदलते ती तुकड्यांची संख्या. वाचकाला टेबल कधी चालू आहे एवढंच सांगायचं असेल, तर मिसळणंच योग्य; नाहीतर मोकळ्या वेळांच्या यादीत ‘१२ ते १२’ अशी शून्य मिनिटांची फट दिसेल. पण किल्ली आणि गल्ला समोरासमोर सोपवायचा नियम असेल, तर त्या दोघांना एकत्र एक मिनिटही मिळालेलं नाही. तो सांधा दिसायलाच हवा, म्हणून तिथे `<` लागतो. माझ्या मते हा प्रश्न कार्यक्रम लिहिणाऱ्याने वाचनालयालाच विचारावा, स्वतः ठरवू नये.

तारखांना आणखी एक पेच आहे. १ ते ५ जून आणि ६ ते ९ जून अशा दोन रजा सलग आहेत, मध्ये एकही कामाचा दिवस नाही. तरी ६ हा आकडा ५ पेक्षा मोठा, म्हणून `<=` सुद्धा त्यांना वेगळंच ठेवतं. शेवटची तारीख रजेत धरलेली असते, तेव्हा तुलना शेवटात एक दिवस मिळवून करावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस तारखांचा टप्पा साठवतानाच हे करून ठेवतो: १ ते ५ जून तिथे ‘१ पासून, ६ च्या आधीपर्यंत’ असं नोंदलं जातं. मग पहिलीचा शेवट ६, दुसरीची सुरुवातही ६, आणि चिकटलेल्या रजा साध्या बरोबरीने ओळखता येतात.