भिंतीचा रंग फोटोत का सापडत नाही?

समजा, लालबागच्या चाळीतल्या खोलीत भिंतीचा पोपडा निघालाय आणि तेवढाच तुकडा रंगवायचाय. तुम्ही जवळून फोटो काढून दुकानदाराला पाठवता. आता बघा, फोटोत नुसती भिंतच आहे. उजेड ट्यूबलाइटचा की पिवळ्या बल्बचा, हे ओळखायला कॅमेऱ्याला आधारच नाही. तो अंदाजाने रंग सावरतो, आणि फिकट पिवळी भिंत पांढरट होऊन बसते. त्यात दुकानदाराचा स्क्रीन वेगळा. शेजारी कोरा कागद धरलात तर चूक कमी होते, पण नेमकी छटा मिळत नाहीच. त्यापेक्षा पोपडाच दुकानात न्या, बाहेर दिवसाउजेडी शेडकार्डाशी जुळवा. मग कार्ड घरी आणून ट्यूबखालीही बघा. रंगद्रव्यं वेगळी असली, तर उन्हात जुळलेले दोन रंग ट्यूबखाली वेगळे दिसू शकतात.