मेथीच्या बत्तीस जुड्या

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीच्या गाड्या रात्रीच येऊन लागतात आणि उजाडायच्या आत सौदे सुरू होतात. फळभाजीचा भाव दहा किलोला बोलला जातो, पालेभाजीचा शेकडा जुड्यांना. हातगाडीवर किंवा छोट्या गाळ्यात भाजी विकणाऱ्याला तिथे दोन गोष्टी ठरवायच्या असतात : कोणत्या भावाने घ्यायचे आणि किती घ्यायचे. भावाची घासाघीस सगळ्यांना ऐकू येते, पण रोजचा नफा-तोटा बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रश्नावर ठरतो. माल जास्त घेतला तर संध्याकाळी तो कोमेजून पडतो, कमी घेतला तर अकरा वाजताच टोपली रिकामी होते आणि गिऱ्हाईक शेजारच्या गाडीकडे वळते.

आधी खरेदीचा खरा भाव काढावा लागतो, कारण आडत्याने सांगितलेला भाव हा खरा भाव नसतो. समजा, टोमॅटोचे २२ किलोचे क्रेट २० रुपये किलोने ४४० रुपयांना घेतले. त्यावर आडत, तोलाई, हमाली आणि टेम्पो धरून ६० रुपये गेले. (महाराष्ट्रात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते.) क्रेटच्या तळाशी दबलेले, फुटलेले दोन किलो बाजूला निघाले. विकायला राहिले २० किलो, खर्च झाला ५०० रुपये. म्हणजे २० चा टोमॅटो २५ ला पडला. पालेभाजीत ही घट आणखी असते आणि ती तासागणिक वाढत जाते.

आता मापाचा हिशेब. एका विक्रेत्याने मेथीची नोंद ठेवली आहे असे धरू. मागच्या दहा बुधवारी त्याच्याकडे अनुक्रमे लहान ते मोठा आकडा लावल्यास २४, २६, २८, २९, ३०, ३२, ३३, ३५, ३८ आणि ४० जुड्यांना गिऱ्हाईक होते. सरासरी निघते ३१ ते ३२. पण घेण्याचे माप नेहमी सरासरीएवढे नसते. सगळा खर्च धरून जुडी १२ रुपयांना पडते, २० ला विकते आणि उरलीच तर रात्री ५ रुपयांना काढावी लागते. एक जुडी कमी पडली तर ८ रुपयांचा नफा हुकतो, एक उरली तर ७ रुपये बुडतात.

मग प्रत्येक जादा जुडीला एकच प्रश्न विचारायचा : ही विकली जाण्याचा संभव किती? बत्तिसावी जुडी दहापैकी पाच दिवस विकली गेली असती. पाच दिवसांचे ८ म्हणजे ४० रुपये मिळाले असते, उरलेल्या पाच दिवसांचे ७ म्हणजे ३५ गेले असते. ती घेणे परवडते. तेहतिसावी चारच दिवस खपली असती, म्हणजे ३२ रुपये आले असते आणि ४२ गेले असते. म्हणून माप बत्तिसाला थांबते.

पाऊस लागला, आवक घटली आणि तीच जुडी १६ ला पडू लागली तर काय होते? गिऱ्हाईक २२ च्या वर देत नाही, म्हणून नफा सहाच रुपये राहतो आणि उरलेल्या जुडीमागे ११ रुपये जातात. गिऱ्हाईक तेवढेच येईल असे मानले तरी आता माप २९ वर उतरते. भाव वाढल्यावर गिऱ्हाईकही कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात ते आणखी खाली जाते. बटाट्याचे याच्या नेमके उलट आहे. आजचा बटाटा उद्या जवळजवळ त्याच भावाने विकतो, त्यामुळे तो उरल्याचा तोटा नगण्य असतो आणि भरपूर घेतला तरी चालते. तिथे अडवते ते गाठीचे भांडवल आणि गाडीवरची जागा.

अर्थशास्त्रात हा ‘वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो, कारण कालच्या वर्तमानपत्रालाही गिऱ्हाईक नसते. मंडईतले जुने विक्रेते तो कागदाशिवाय सोडवतात. तरी तोंडी हिशेबात एक चूक हमखास होते. ‘काल तीस विकल्या’ ही नोंद अपुरी असते, कारण तीसच आणल्या असतील तर आणखी किती खपल्या असत्या हे त्यातून कळत नाही. म्हणून विकलेल्या मालाबरोबर तो किती वाजता संपला, हेही लक्षात ठेवावे लागते. सकाळी दहाला संपलेल्या तीस आणि रात्री आठला संपलेल्या तीस यांत फार फरक आहे. मेथी नाही म्हटल्यावर किती जण पुढे गेले, हा आकडा तर त्याहून कामाचा, आणि तोच कुणी मोजत नाही.

काही मालाचा हिशेब त्याच्या स्वतःच्या नफ्यावर करताच येत नाही. कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांत सुटून फारसे पैसे मिळत नाहीत, पण कोथिंबीर नसलेल्या गाडीवरून गिऱ्हाईक वांगीही न घेता निघून जाते. अशा वेळी एका जुडीचे हुकलेले मोल म्हणजे सगळ्या पिशवीचा नफा. म्हणून थोडी कोथिंबीर रोज उकिरड्यावर गेली तरी ती जरा जास्तच आणलेली शहाणपणाची ठरते.

मागणी मात्र निव्वळ नशिबावर नसते, पंचांगातही दिसते. पितृपक्षात गवार, कारले आणि भोपळा यांना मागणी येते. ऋषिपंचमीला आणि भोगीला मिसळीच्या भाज्यांना, एकादशीला रताळ्याला. चातुर्मासात काही घरांत वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला भरताच्या वांग्यांचा बाजार एकदम तापतो. अडचण एवढीच की हे पंचांग सगळ्या विक्रेत्यांजवळ असते, त्यामुळे त्या सकाळी यार्डातला भावही चढलेला असतो.

तोटा कमी करायचे उपाय मालागणिक बदलतात. टोमॅटो निम्मे लाल आणि निम्मे अर्धे कच्चे घेतले तर आजचे आज विकतात आणि उद्याचे उद्या पिकतात. पालेभाजीवर ओले गोणपाट टाकतात, पण कोथिंबिरीवर पाणी जास्त मारले की ती आतून सडते आणि आधीच पावसात भिजलेली असेल तर दुपारपर्यंत काळी पडते. अख्खे क्रेट खपण्यासारखे नसेल तर दोघे विक्रेते मिळून घेतात. संध्याकाळी वाटे लावून भाव पाडला की उरलेल्याचे थोडे पैसे होतात, मात्र रोज पाडला तर गिऱ्हाईक सकाळी यायचेच सोडते.

सगळ्यात अवघड खरेदी शुक्रवारची. मार्केट यार्ड शनिवारी बंद असते, म्हणून शुक्रवारी पहाटे दोन दिवसांचा माल घ्यावा लागतो. बटाटा, कोबी, दुधी, सुरण दुप्पट घेता येतात, मेथी घेता येत नाही. शनिवारी दुपारनंतर गाडीवर मेथी दिसत नाही, ती यामुळेच.