भाजीत मीठ केव्हा घालावे?

पाणी न घालता शिजविलेली कोबीची भाजी एका घरी मोकळी व चवदार होते, तर दुसऱ्या घरी तीच भाजी ताटात पाणी सोडते. कोबी तोच, मीठही तितकेच. फरक असतो तो मीठ घालण्याच्या वेळेचा व त्यानंतरच्या आचेचा. पाणचट भाजी मुले ताटात तशीच ठेवतात. वरचे पाणी ओतून दिले, तर त्यात उतरलेले क्षार आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश वाया जातो. शाळेत मुलांसाठी अन्न शिजते, तेथे शिक्षकांना हे कारण ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

कोबीत वजनाच्या सुमारे नऊदशांश भाग पाणीच असते. हे पाणी लहान लहान पेशींत साठविलेले असते. चिरलेल्या भाजीवर मीठ पडले की ते ओलाव्यात विरघळते आणि पेशींबाहेर खारट द्राव तयार होतो. पेशीतील पाणी पातळ पडद्यातून त्या द्रावाकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. पुढे उष्णतेने पेशींचे पडदे मोडतात व मीठ नसले तरी पाणी सुटतेच. परंतु मिठामुळे ते लवकर सुटते. म्हणून मीठ कधी घालावे, याचा खरा अर्थ भाजीतील पाणी कधी बाहेर काढावे, असा आहे.

अर्धा किलो कोबीचे उदाहरण घेऊ. कोबी चिरण्यापूर्वी धुऊन निथळू द्यावा. चिरून मीठ लावून ठेवू नये. कारण मग कढईत पडण्याआधीच तो पाण्यात बुडतो व परतला न जाता उकडतो. पसरट कढईत तेलाची फोडणी करून कोबी घालावा आणि मध्यम आचेवर दोनतीन मिनिटे परतावा. प्रत्येक तुकड्याला तेल लागून त्यावर तकाकी आली व तो किंचित मऊ पडला, की सपाट भरलेला एक लहान चमचा मीठ घालून नीट मिसळावे. हीच योग्य वेळ. आच मंद करून कढईवर ताट ठेवावे व ताटात थोडे पाणी घालावे. गार ताटाला वाफ लागून तिचे थेंब होतात व ते भाजीतच परत पडतात. अशा रीतीने भाजी आपल्याच पाण्यात शिजते व करपत नाही. मध्ये एकदोनदा ढवळावे.

सहा ते आठ मिनिटांनी तुकडा बोटाने सहज दबला, की ताट काढावे. मात्र खालच्या बाजूचे पाणी भाजीत न गळेल असे ते तिरपे करून उचलावे. नंतर आच वाढवून उघड्या कढईत दोन मिनिटे परतावे. ही शेवटची पायरी गाळल्यानेच पुष्कळ वेळा भाजी पाणचट राहते. पाणी आटल्याची खूण कानाला कळते: आधी खदखद ऐकू येते, मग तेलाची चुरचुर सुरू होते. कढई तिरकी केली असता तळाशी पाणी जमले नाही, म्हणजे भाजी झाली.

शाळेच्या मोठ्या पातेल्यात मात्र भाजीचा थर जाड असतो. खालचे पाणी वर येऊन उडून जाण्यास वाव मिळत नाही. अशा वेळी पसरट भांडे घ्यावे किंवा भाजी दोन वेळा करावी. तरीही पाणी उरलेच, तर ते ओतून न देता शेंगदाण्याचे कूट घालावे. ते पाणी शोषून घेते.

हा नियम सर्व भाज्यांना सारखा लागू नाही. दोडका, दुधी यांना कोबीप्रमाणेच करावे. त्यांना पाणी अधिक सुटते, म्हणून ताटावरील पाण्याची गरज बहुधा नसते. भेंडीला ओलावा मिळाला की तार सुटते. ती पुसून कोरडी चिरावी, झाकण न ठेवता परतावी व तार मोडल्यावर शेवटी मीठ घालावे. मेथी, पालक यांचा ढीग मोठा दिसतो, पण आचेवर मूठभर होतो. ढीग पाहून मीठ घातले तर भाजी खारट होते. म्हणून पाला बसल्यावरच ते घालावे. कच्च्या बटाट्याला मात्र स्वतःचे पाणी पुरत नाही; त्यावर पाण्याचा हबका मारावाच लागतो.

वर्गात हे दाखविण्यास एक काकडी पुरे. तिच्या सारख्या चकत्या दोन बशांत ठेवाव्यात व एकीत चिमूटभर मीठ भुरभुरावे. अर्ध्या तासाने दोन्ही बशा मुलांनी तिरक्या करून पाहाव्यात. मीठ घातलेल्या बशीत पाणी जमलेले दिसेल व चकत्या लवचीक झालेल्या असतील. हे पाणी आले कोठून, एवढाच प्रश्न शिक्षकांनी विचारावा.