टोलच्या वहीत न दिसणारा पूल

शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. एवढ्या टोलातून खर्च कधी वसूल होणार, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. पण तो पूल चालवणाऱ्याचा प्रश्न झाला; समाजाचा हिशेब वेगळा असतो.

फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने हा फरक १८४४ मध्येच दाखवला होता. समजा, पुलामुळे एखाद्याचा ८०० रुपयांचा वेळ आणि इंधन वाचतं. तो २५० देतो आणि ५५० रुपयांचा फायदा त्याच्याच पदरात राहतो. ज्याला २०० रुपयांचाच उपयोग आहे, तो मात्र पुलाकडे फिरकतच नाही. टोलच्या वहीत या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. म्हणून लाभ-खर्च विश्लेषणात टोल नव्हे, तर वाचलेला वेळ, इंधन आणि टळलेले अपघात मोजतात.

खरी मेख पुढे आहे. खर्च आज होतो, लाभ मात्र पुढे कित्येक वर्षं थोडाथोडा येतो. हाच पैसा आज दुसरीकडे लावला असता तर तिथेही काही मिळालं असतं, म्हणून उद्याचा रुपया आजच्यापेक्षा कमी धरतात. किती कमी, ते वटाव दर ठरवतो. महागाईचा याच्याशी संबंध नाही; ती आधीच वगळलेली असते.

एक काल्पनिक पूल घेऊ. खर्च १०० कोटी, लाभ वर्षाला ९ कोटी, तीस वर्षं. साधी बेरीज २७० कोटी. भारतात रस्ते-प्रकल्पांसाठी रूढ असलेला १२ टक्के दर लावला, तर या लाभाचं आजचं मोल जेमतेम साडेबहात्तर कोटी भरतं आणि पूल नापास होतो. ६ टक्के लावला तर ते सुमारे १२४ कोटी होतं आणि तोच पूल पास. ब्रिटनमध्ये तर सरकारी प्रकल्पांना साधारण साडेतीन टक्के दर लावतात. म्हणून ज्या अहवालात एकाच दराचं उत्तर असेल, त्यावर विसंबू नये.

आणि ज्याला बाजारभावच नाही त्याचं काय? शिवडीच्या चिखलपट्ट्यात फ्लेमिंगो उतरतात, म्हणून सेतूवर तिथे आवाज रोखणारे अडथळे उभारले. त्यांचा खर्च हिशेबात येतो. पक्ष्यांचं मोल येत नाही. रकाना रिकामा सोडला की ते शून्य धरलं जातं, हा मोठाच अन्याय आहे. लोक पक्षी पाहायला किती खर्च करून येतात यावरून अंदाज काढता येतो, पण तो नेहमी तोकडाच पडतो. त्यापेक्षा प्रश्न उलटा विचारणं अधिक प्रामाणिक. आपल्या काल्पनिक पुलाखाली असाच पट्टा असेल, तर ६ टक्के दराने शिल्लक उरते २४ कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेदोन कोटी. तो पट्टा गमावणं याहून महाग आहे का, हे मग लोकांना उघडपणे ठरवता येतं.