“किरायेदार घर खाली करत नाही” : उत्तर देण्याआधी विचारायचे प्रश्न

मंडळाच्या सभासदांकडून आमच्याकडे जे प्रश्न येतात त्यांत घरभाड्याचे प्रश्न बरेच असतात, आणि ते बहुधा एका ओळीचे असतात. “किरायेदार किराया देत नाही, घरही खाली करत नाही, काय करावे?” एवढेच. विचारणाऱ्याला वाटते की प्रश्न अगदी स्पष्ट आहे. प्रत्यक्षात या एका ओळीत निदान चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. म्हणून आम्ही आधी उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. काहींना ते टाळाटाळ वाटते. तसे ते का नाही, हे आपल्या इंदूरच्याच एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वर सांगितलेला प्रश्न एका काकूंचा होता. तळमजल्यावर किरायेदार, वरच्या दोन खोल्यांत त्या स्वतः. त्यांच्या पुण्याच्या दिरांनी फोनवर सल्ला दिला होता, “वहिनी, अकरा महिन्यांचा करार संपलाय ना? मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. दुप्पट भाडेही मिळेल आणि घरही.” सल्ला चुकीचा नव्हता, पण तो पुण्याचा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध अशी तरतूद आहे. तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालतो. भाड्याच्या घराचा कायदा राज्यागणिक बदलतो आणि घर ज्या राज्यात आहे तिथला लागू होतो. मालकाची भाषा किंवा नातेवाइकांचे गाव त्यात पाहिले जात नाही.

इंदूरला लागतो तो मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961. या कायद्यात किरायानाम्याची मुदत संपली म्हणून किरायेदाराचे संरक्षण संपत नाही. मुदतीनंतर राहत असलेला माणूसही कायद्याच्या व्याख्येत किरायेदारच राहतो. त्याला बाहेर काढायचे तर कलम 12 मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण सिद्ध करावे लागते. किराया थकणे हे त्यातले एक, मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी जागेची खरी गरज असणे हे दुसरे. पोटकिरायेदार ठेवणे वगैरे आणखीही आहेत. तेव्हा “करार संपला” हे इथे उत्तर नव्हे. कारण कोणते, हा पहिला प्रश्न.

काकूंचे उत्तर तयार होते, “पाच महिन्यांचा किराया थकलाय. नऊ हजारांप्रमाणे पंचेचाळीस हजार.” आम्ही पासबुक आणायला सांगितले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला तोंडी हिशेबापेक्षा नोंदीवर जास्त भरवसा. पासबुकात वेगळेच दिसले. ऑक्टोबरपर्यंत दरमहा 8,000 रुपये जमा होते. नोव्हेंबरमध्येही 8,000 जमा झाले होते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच परत गेले होते. डिसेंबरमध्येही तसेच. जानेवारी ते मार्च मात्र काहीच जमा नव्हते. विचारल्यावर उलगडा झाला. काकूंनी नोव्हेंबरपासून किराया 9,000 करायला सांगितले होते. किरायेदाराने मान्य केले नाही आणि जुन्याच दराने पैसे पाठवले. “घेतले असते तर वाढीचा हक्क गेला असता,” म्हणून काकूंनी ते परत केले.

आता प्रश्नच बदलला. कायद्याच्या दृष्टीने थकबाकीचे कारण तेव्हा उभे राहते, जेव्हा मागणीची नोटीस किरायेदाराला मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने थकलेला किराया दिलाही नाही आणि देऊ केलाही नाही. इथे तीन गोष्टी अडत होत्या. एक, लेखी नोटीसच दिलेली नव्हती, त्यामुळे दोन महिने मोजायला सुरुवातच झाली नव्हती. दोन, दर 9,000 धरता येत नव्हता. दोघांनी ठरवलेला दर 8,000 होता आणि मालकाने एकतर्फी सांगितलेली वाढ थकबाकीत मिळवता येत नाही. म्हणजे रक्कम 45,000 नव्हे, 40,000. तीन, त्यातले 16,000 किरायेदाराने पाठवले होते आणि ते परत केल्याची नोंद काकूंच्याच पासबुकात होती. ते पैसे अजून येणे आहेत हे खरे, पण “हा देतच नाही” असे त्या दोन महिन्यांबद्दल म्हणता येत नव्हते.

समजा, नीट नोटीस दिली आणि तरीही पैसे आले नाहीत, म्हणून दिवाणी न्यायालयात दावा लावला. तरी या मार्गाने घर मिळेलच असे नाही. कलम 13 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात किरायेदाराने सगळी थकबाकी भरली आणि पुढे दर महिन्याचा किराया पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरत राहिला, तर केवळ थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. ही सवलत एकदा घेऊन पुन्हा लागोपाठ तीन महिने चुकला, तर मात्र ती परत मिळत नाही. थोडक्यात, हा मार्ग पैसे वसूल करण्यासाठी चांगला, घर रिकामे करून घेण्यासाठी भरवशाचा नाही.

मग आम्ही काकूंना साधा प्रश्न केला, “तुम्हाला थकलेला किराया हवाय, वाढलेला किराया हवाय, की घर हवंय?” बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “घर. माझे गुडघे गेलेत. जिना चढवत नाही. मुलगा बायकामुलांना घेऊन इथेच राहायला येतोय. दोन खोल्यांत कसे मावणार?” ही खरी गोष्ट त्यांच्या मूळ प्रश्नात कुठेच नव्हती. किराया वाढवण्याचा वाद हा त्यावर चढलेला थर होता.

इथे आणखी एक माहिती कामाला आली. काकूंचे पती हयात नाहीत. या कायद्यात कलम 23-क पासून पुढे काही मालकांसाठी वेगळी सोय आहे; विधवा, घटस्फोटित स्त्री, निवृत्त शासकीय कर्मचारी, शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती वगैरे त्यात येतात. अशा मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या राहण्यासाठी जागेची खरी गरज असेल, तर दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा महसूल खात्याचा, डिप्टी कलेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी असतो. इथे किरायेदाराला आपोआप लढता येत नाही. समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. न मागितल्यास मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. मात्र ही सोय गरजेच्या कारणापुरतीच आहे. थकबाकीसाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

या मार्गालाही अटी आहेत आणि त्या तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. शहरात स्वतःचे दुसरे राहण्याजोगे घर मोकळे आहे का? काकूंचे नव्हते. घर विकत किंवा बक्षीसपत्राने घेऊन एक वर्ष झाले आहे का? एक वर्ष पुरे होण्याआधी गरजेच्या कारणावर अर्ज चालत नाही. काकूंचे घर वारसाने आलेले होते, त्यामुळे ही अडचण नव्हती. पण नगर निगमच्या नोंदीत अजून पतीचेच नाव होते. किरायेदाराचा वकील पहिला आक्षेप इथेच घेईल हे ओळखून मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि नामांतरण आधी पुरे करायला सांगितले. गरज खरी आहे हे दाखवायला डॉक्टरांचे कागद आणि मुलाच्या बदलीचे पत्रही जोडायचे ठरले. एवढे झाल्यावर आम्ही त्यांना वकीलसाहेबांकडे पाठवले. आमचे काम तिथे संपते.

मधल्या काळासाठी दोन गोष्टी बजावल्या. 8,000 आले तर ते घ्यावेत आणि पावती द्यावी. घर मागण्याचा हक्क त्याने जात नाही. आणि रागाच्या भरात नळ किंवा वीज तोडू नये, कुलूप बदलू नये. कायदा ते मना करतो, आणि मग सहानुभूती आणि प्रकरण दोन्ही किरायेदाराच्या बाजूला झुकतात.

हाच प्रश्न दुसऱ्या गावाहून आला असता तर? बेळगावला कर्नाटक भाडे कायदा, 1999 आहे, पण किरायाची मर्यादा ओलांडलेली घरे त्यातून वगळली आहेत. मर्यादा भागाप्रमाणे दरमहा 3,500 किंवा 2,000 रुपये आहे. तिथे सगळ्यांत आधी किराया किती, हे विचारावे लागते. बडोद्याला 1947 चा जुना मुंबई भाडे कायदा गुजरातच्या दुरुस्त्यांसह चालतो. गोव्यात 1968 चा स्वतंत्र कायदा आहे. आणि मोबाइलवर ज्याचे व्हिडिओ फिरतात तो 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा हा केंद्राने राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्यातले एकही कलम तिथे लागू होत नाही.

म्हणून सभासदांना विनंती, घराचा प्रश्न पाठवताना एवढे अवश्य कळवावे :

1. घर कोणत्या शहरात, आणि राहण्यासाठी दिले आहे की दुकानासाठी.
2. मालकीच्या कागदावर आज कोणाचे नाव आहे, आणि घर खरेदीने आले की वारसाने, केव्हा.
3. किरायेदार केव्हापासून आहे, लेखी किरायानामा आहे का, ठरलेला दर किती.
4. शेवटचा किराया कधी व कसा मिळाला, आणि पाठवलेले पैसे परत केले का.
5. लेखी नोटीस दिली असल्यास ती समोरच्याला कोणत्या तारखेला पोचली. लिहिल्याची तारीख नको, पोचपावतीवरची हवी.
6. आपल्याला नक्की काय हवे : थकलेले पैसे, वाढीव किराया, की घर.

किरायेदार म्हणून प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनाही हीच यादी लागू आहे. सहाव्या प्रश्नाचे उत्तर घरात सगळ्यांनी बसून आधी ठरवावे, कारण पुढचा मार्ग त्यावरूनच ठरतो.